पुढचा मंगळवार सुट्टीचा कधी? ड्युटी चार्टचा साधा हिशोब

तायांनो, आपल्या पंचसूत्रीत पहिलं सूत्र नियमित बैठकीचं आहे. घरी असणाऱ्या बाईला ते जमतं. पण गटातली एखादी ताई ड्युटीवर जाणारी असली, आणि तिची ड्युटी फिरती असली, की तिची हजेरी डळमळते. मग दंड लागतो आणि कर्जाच्या यादीत नाव मागे पडतं. इतर जणी म्हणतात, ‘हिका गटाची पर्वा नाय.’ खरं कारण बऱ्याचदा वेगळंच असतं. आपला कुठला मंगळवार मोकळा आहे हेच तिला आधी माहीत नसतं.

आमच्या गटातली एक ताई ओरोसला एका रुग्णालयात कंत्राटी परिचर आहे. तिची ड्युटी अशी: दोन दिवस सकाळ, दोन दिवस दुपार, दोन रात्री, मग दोन दिवस सुट्टी, आणि पुन्हा पहिल्यापासून. सकाळची सात ते दोन, दुपारची दोन ते नऊ, रात्रीची नऊ ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात. गटाची बैठक दर मंगळवारी दुपारी चारला. ती मला म्हणाली, “माका मंगळवारी सुट्टी पुन्हा कधी गावतली, ता सांग गो. सुपरवायझर म्हणता चार्ट बघ, आणि चार्ट तर महिन्याचोच असता.”

तिच्याबरोबर बसून आम्ही जो हिशोब केला तोच इथे देते. कागद, पेन आणि भिंतीवरचं कालनिर्णय एवढं पुरतं. (आपल्या मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका आपल्या बहुतेक घरांत असतेच.)

पहिलं काम म्हणजे फेरी किती दिवसांची ते ठरवणं. तिची दोन अधिक दोन अधिक दोन अधिक दोन, म्हणजे आठ दिवसांची. या आठ दिवसांना आपण आठ घरं म्हणू. घर १ आणि २ सकाळ, ३ आणि ४ दुपार, ५ आणि ६ रात्र, ७ आणि ८ सुट्टी. आठवं घर संपलं की पुन्हा पहिलं.

आता कालनिर्णयवर एक पक्की तारीख शोधा. ती नेहमी फेरीच्या शेवटच्या सुट्टीची घ्या, त्याने पुढचा हिशोब सोपा होतो. या ताईची २०२६ च्या जूनमधली सुट्टी सोमवार १ जून आणि मंगळवार २ जून अशी होती. म्हणजे २ जून हे तिचं आठवं घर. त्या दिवशी ती बैठकीला आली होती, इतिवृत्तात सही आहे.

पुढचा मंगळवार सात दिवसांनी येतो आणि तिची फेरी आठ दिवसांची आहे. म्हणजे आठवडा फेरीपेक्षा एक दिवसाने आखूड. म्हणून दर मंगळवारी ती एक घर मागे सरकते. २ जूनला आठवं घर होतं, तर ९ जूनला सातवं, १६ ला सहावं. हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे मंगळवार पाच मिनिटांत लिहून होतात:

२ जून – घर ८, सुट्टी
९ जून – घर ७, सुट्टी
१६ जून – घर ६, रात्र
२३ जून – घर ५, रात्र
३० जून – घर ४, दुपार
७ जुलै – घर ३, दुपार
१४ जुलै – घर २, सकाळ
२१ जुलै – घर १, सकाळ
२८ जुलै – घर ८, सुट्टी

२ जून ते २८ जुलै म्हणजे छप्पन्न दिवस. सहावीत शिकलेला लसावि आठवा, लघुत्तम साधारण विभाज्य. सात आणि आठ या दोघांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या छप्पन्न. म्हणून ‘मंगळवार आणि आठवं घर’ ही जोडी छप्पन्न दिवसांनी, म्हणजे बरोबर आठ आठवड्यांनी परत येते. लागोपाठ दोन मंगळवार सुट्टीचे, मग सहा मंगळवार ड्युटीचे. तिला पहिल्यांदा हे ऐकून वाईटच वाटलं. आठातले सहा मंगळवार गेले, म्हणजे गट सोडलेला बरा, असं ती म्हणाली.

पण यादी जरा नीट वाचा. बैठक दुपारी चारला असते. १४ आणि २१ जुलैला तिची सकाळची ड्युटी आहे, ती दोनला सुटते, चारला ती सहज येईल. १६ आणि २३ जूनला रात्र आहे, ती नऊला सुरू होते. १६ तारखेला सहावं घर, म्हणजे आदल्या रात्रीची ड्युटी करून ती सकाळी घरी आलेली असेल. दुपारपर्यंत झोप घेऊन चारला तासभर बसायचं आणि मग ड्युटीला निघायचं, हे दमवणारं आहे, पण अशक्य नाही. २३ तारखेला पाचवं घर, पहिलीच रात्र, त्यामुळे सकाळपासून ती मोकळी आहे. म्हणजे खरी अडचण फक्त दुपारच्या ड्युटीची, ३० जून आणि ७ जुलै. आठांतले दोनच मंगळवार.

म्हणून ‘सुट्टी कधी’ एवढंच विचारू नका. ज्या कामासाठी दिवस हवा आहे त्या कामाची वेळ काय, आणि त्या वेळेला कुठली पाळी आड येते, हे बघा. बैठकीसाठी फक्त दुपारपाळी आड येते. बँकेच्या कामासाठी सकाळपाळी आड येईल, भजनासाठी रात्रपाळी. घरं तीच राहतात, पण मोकळे दिवस कामागणिक बदलतात.

सातव्या घराबद्दल एक बाई म्हणून सांगते. चार्टवर ती सुट्टी असते, पण त्या दिवशी सकाळी सातला ती रात्रीची ड्युटी संपवून बाहेर पडलेली असते. घरी येईस्तोवर आठ-साडेआठ, मग चहा, मग डोळे मिटतात. घरचे मात्र म्हणतात, ‘आज सुट्टी मा?’ आणि कामं पुढे ठेवतात. खरी सुट्टी आठव्या घराची. लांबचा प्रवास, दवाखाना, लग्नाची खरेदी असलं काही असेल तर सातवं घर धरू नका.

इथेच एक चूक होते. रात्रपाळी कुठल्या तारखेची? १६ जूनच्या रात्री नऊला सुरू झालेली ड्युटी १७ जूनला सकाळी संपते. बहुतेक ठिकाणी ती सुरू झालेल्या तारखेला लिहितात, काही ठिकाणी संपणाऱ्या तारखेला लिहितात. हे आधी विचारून घेतलं नाही तर अख्खा हिशोब एक दिवसाने सरकतो. सरकला आहे हे ओळखायचं कसं? मागच्या महिन्याचा चार्ट घ्या, त्यातल्या दोन-तीन तारखा आपल्या घरांशी ताडून बघा. सगळ्याच एका दिवसाने चुकत असतील तर हीच गफलत. एखादीच चुकत असेल तर त्या दिवशी कुणाशी तरी बदली केली असणार.

आता मंगळवार सोडून कुठलीही तारीख काढायची असेल तर? आपल्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न चतुर्थीचा. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. २ जूनपासून दिवस मोजा, पण २ जून स्वतः मोजू नका. जूनचे उरलेले २८, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे १४. बेरीज १०४. याला आठाने भागा. आठ तेरे चौऱ्याण्णवसे नाही, एकशे चार. बाकी शून्य.

बाकी उरते तोच घराचा नंबर. एक उरला तर घर १, पाच उरले तर घर ५, काहीच उरलं नाही तर आठवं घर. आपण मोजणी शेवटच्या सुट्टीपासून सुरू केली ती यासाठीच. मधल्याच कुठल्या दिवसापासून मोजलं तर बाकीत आणखी बेरीज करावी लागते, आणि तिथे गोंधळ होतो.

म्हणजे चतुर्थीला तिचं आठवं घर, पुरी सुट्टी! ताई खूश झाली. पण तिच्या घरी गणपती पाच दिवसांचा. १४ ला आठवं घर, तर १५ आणि १६ ला सकाळ, १७ आणि १८ ला दुपार. पाचव्या दिवशी, १८ तारखेला, विसर्जनाच्या वेळी ती ड्युटीवर असणार, दोन ते नऊ. दीड दिवसाचा गणपती असता तर १५ ला दोनला सुटून ती विसर्जनाला पोचली असती. हे जूनमध्येच कळलं म्हणून बरं. १८ तारखेची बदली आत्ताच कुणाशी तरी ठरवून ठेवता येते. ऑगस्टच्या शेवटी विचारलं तर कोण देणार? त्या आठवड्यात प्रत्येकीलाच घरी जायचं असतं.

बदलीबद्दल एक नीट समजून घ्या. एका दिवसाची अदलाबदल केली म्हणून फेरी सरकत नाही. १८ ला मैत्रिणीने तुमची दुपार केली आणि तुम्ही २२ ला तिची ड्युटी केलीत, तरी तुमचं सातवं आणि आठवं घर जिथे होतं तिथेच राहतं. पुढचा हिशोब मूळ तारखेवरूनच करायचा. फेरी सरकते ती फक्त चार्टच नव्याने बांधला तर. एखादी नवीन बाई कामाला लागली, वॉर्ड बदलला, कुणी दीर्घ रजेवर गेलं, किंवा सणासाठी आठवडाभराचा वेगळा चार्ट लावला, की मग जुनी घरं विसरायची. नव्या चार्टमधली पहिली शेवटची-सुट्टी शोधायची आणि तिथून पुन्हा सुरुवात. काही ठिकाणी चार्ट दर महिन्याच्या एक तारखेपासून कोरा सुरू होतो, आदल्या महिन्याशी त्याचा धागा जुळत नाही. तिथे हा हिशोब महिन्यापलीकडे चालणारच नाही. हे ओळखण्यासाठी महिन्याचा शेवटचा आठवडा आणि पुढच्याचा पहिला आठवडा शेजारी ठेवून बघा, क्रम सलग जातो की तुटतो.

फेरी किती दिवसांची हे कुणी सांगत नसेल तर? फक्त सुट्ट्यांमधलं अंतर मोजू नका. समजा कुणाची ड्युटी सहा दिवस सकाळ, दोन सुट्टी, सहा दिवस दुपार, दोन सुट्टी, सहा रात्री, दोन सुट्टी अशी आहे. सुट्टी दर आठ दिवसांनी येते, पण पाळी परत तीच यायला चोवीस दिवस लागतात. सुट्टीच बघायची असेल तर आठ धरा, ‘सकाळपाळीचा मंगळवार’ बघायचा असेल तर चोवीस. आणि एकच फेरी बघून विश्वास ठेवू नका, दोन फेऱ्या जशाच्या तशा जुळल्या की मगच ती फेरी.

आता दोघांच्या सुट्ट्या जुळवायच्या असतील तर. या ताईचा मुलगा गोव्याला एका कंपनीत आहे. आपल्याकडची किती पोरं सावंतवाडी-बांद्यावरून रोज तिकडे जातात ते तुम्हाला माहीतच आहे. त्याला पाच दिवस काम आणि सहाव्या दिवशी सुट्टी. घराच्या कर्जाच्या कागदांवर दोघांनी एकत्र बँकेत जाऊन सह्या करायच्या होत्या. एकाच्या सुट्टीला दुसरी ड्युटीवर, असं दोन महिने चाललेलं.

मुलाची फेरी सहाची, आईची आठची. पटकन वाटतं सहा आठे अठ्ठेचाळीस. पण दोन्ही संख्या सम आहेत, दोघांत दोनचा भाग सामाईक आहे, म्हणून लसावि चोवीसच. दर चोवीस दिवसांनी दोघांचं चित्र जसंच्या तसं परत येतं. मुलाची सुट्टी ३ जूनला होती. मग ९, १५, २१, २७ जून आणि ३ जुलै. या प्रत्येक तारखेला आईचं घर कुठलं ते आधीच्याच रीतीने काढलं: ३ जूनला घर १, ९ ला घर ७, १५ ला घर ५, २१ ला घर ३, २७ ला परत घर १, आणि ३ जुलैला घर ७. म्हणजे जुळणी ९ जूनला, मग ३ जुलैला, मग २७ जुलैला.

यात काही दिसलं का? घरं येतात ती १, ७, ५, ३. सगळी विषम. मुलगा सहा-सहा दिवसांनी पुढे जातो, आईची फेरी आठची, त्यामुळे तो कायम दोन-दोन घरांनीच मागे उडी मारतो. सम घरावर तो कधी पडतच नाही. म्हणजे त्याची सुट्टी आईच्या सातव्या घराशी जुळेल, आठव्याशी कधीच नाही. दोघं एकत्र असतील तो प्रत्येक दिवस आईच्या झोपेचा असणार! आई म्हणाली, “म्हणान माका वाटता, ह्यो इलो की माझे डोळे मिटतत.” त्याची फेरी एक दिवस जरी पुढे असती तरी सगळी जुळणी आठव्या घरावर आली असती.

बँकेचं काम मग ३ जुलैला ठरलं, शुक्रवार, बँक उघडी. २७ जुलै सोमवार आहे, तो हातचा ठेवला. चोवीस दिवसांनी वार तीन दिवसांनी पुढे जातो, मंगळवारनंतर शुक्रवार, शुक्रवारनंतर सोमवार. पुढची तारीख रविवारी किंवा दुसऱ्या-चौथ्या शनिवारी पडते का एवढं बघून घ्यायचं.

या ताईला सुट्टीची दोन घरं आहेत म्हणून निदान एक तरी जुळलं. दोघांनाही एकेकच सुट्टी असेल तर कधीकधी ती जन्मात जुळत नाही. समजा नवऱ्याला दर चौथ्या दिवशी सुट्टी, बायकोला दर सहाव्या. नवऱ्याची १, ५, ९, १३, १७ तारखेला. बायकोची २, ८, १४, २० ला. नवरा कायम विषम दिवसावर, बायको कायम सम दिवसावर. (महिना ३१ चा असला तर तारखा बदलतील, पण दिवस मोजत गेलात तर एक दिवसाआड असा हा फरक तसाच राहतो.) किती वर्षं वाट बघितली तरी उपयोग नाही. बायकोची सुट्टी ३ तारखेपासून सुरू झाली असती तर ९ ला जुळली असती आणि मग दर बारा दिवसांनी जुळत राहिली असती.

वाराशीही असंच होतं. ज्यांची पाळी आठवड्याआठवड्याने बदलते, एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र, आणि साप्ताहिक सुट्टी ठरलेल्या वारीच, त्यांची फेरी एकवीस दिवसांची. एकवीसला सातने भाग जातो. म्हणून सुट्टीचा वार कधी हलत नाही. रविवारची सुट्टी असेल तर मंगळवार कधीच मिळणार नाही, तीन आठवड्यांनीही नाही. अशा ताईने ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत थांबू नये. तिला कुठल्या आठवड्यात सकाळपाळी आहे तेवढं बघून दोनला सुटून यायचं, किंवा सुट्टीचा वार बदलून मागायचा, किंवा गटाने बैठकीची वेळ हलवायची. ‘उशिरा जुळेल’ आणि ‘कधीच जुळणार नाही’ यातला फरक कळला की कुणाकडे काय मागायचं तेही कळतं.

असले प्रश्न आपल्याकडे फार जुने आहेत. एका संख्येने भागलं तर इतके उरतात, दुसऱ्या संख्येने भागलं तर तितके उरतात, तर मूळ संख्या कोणती, याची रीत आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवली. पुढे तिला कुट्टक म्हणू लागले, आणि ११५० मधल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत त्यावर वेगळं प्रकरणच आहे. कुट्टक म्हणजे कुटणारा. मोठ्या संख्या कुटून कुटून लहान करत न्यायच्या, उखळात भात कांडल्यासारख्या. त्यांना ते ग्रहांच्या फेऱ्यांसाठी लागत होतं, आपल्याला ड्युटीसाठी लागतं.

आमच्या सचिवांनी आता बैठकीच्या वहीच्या शेवटच्या पानावर या ताईच्या नावापुढे चार तारखा लिहिल्या आहेत: ३० जून, ७ जुलै, २५ ऑगस्ट, १ सप्टेंबर. पहिल्या दोन तारखांना छप्पन्न मिळवले की पुढच्या दोन येतात. त्या दिवशी ती बचतीचे पैसे आणि हप्ता आदल्या संध्याकाळी शेजारणीकडे देते, आणि कर्जमागणीचा विषय त्या बैठकीत घ्यायचा नाही असं ठरलंय. जुलैच्या चार्टमध्ये तिचा वॉर्ड बदलणार असं कानावर आलं आहे. तसं झालं तर ते पान फाडून नवीन करावं लागेल.